चुकीच्या वाट्याची डाळ

इमरतीला जिलबी म्हणणाऱ्या माणसाशी मी आजही दोन वाक्यांपुढे बोलत नाही. जिलबी मैद्याची, आंबवलेली, तुपात वेटोळं घातलं की झाली. इमरती उडदाच्या डाळीची. तिला आंबवायचं नसतं, फेटायचं असतं, आणि वेटोळ्याच्या कडेकडेनं पाकळ्या काढायच्या असतात. हे सगळं मला सासऱ्यांनी शिकवलं असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर मी ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं, आणि घेतल्यावर सहा महिन्यांच्या आत तोंडघशी पडले.

मी कशेळ्याच्या पलीकडची, भात पिकवणाऱ्या घरातली. लग्न होऊन चौकला आले तेव्हा सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. सासऱ्यांचं हॉटेल मुंबई-पुणे रस्त्याला लागून. हॉटेल म्हणजे कौलारू पडवी, सहा बाकडी, चहा, भजी, आणि पुढच्या बाजूला रस्त्याकडे तोंड करून मांडलेली भट्टी. भट्टीवर तई, म्हणजे सपाट बुडाची, उथळ, परातीएवढी कढई. तईमागे पाटावर मामंजी. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. नवरा खोपोलीच्या कारखान्यात पाळीला जायचा. त्याला तईजवळ बसवून मामंजींनी एकदा बघितलं होतं म्हणे. त्याची इमरती उलट्या पडलेल्या खेकड्यासारखी झाली, आणि त्या दिवसापासून बापलेकात तो विषय बंद झाला.

मामंजींनी ही विद्या मुंबईत उचललेली. तरुणपणी गावची शेती भावावर टाकून ते तिकडे गेले आणि उत्तरेकडच्या एका हलवायाकडे राहिले. तीन वर्षं नुसतीच डाळ वाटली, असं ते सांगायचे. चौथ्या वर्षी हातात फडकं आलं. फडकं म्हणजे जाड कापडाचा चौकोन, मधोमध बोरूएवढं भोक, आणि भोकाभोवती काजं करतात तशी घट्ट शिवण. पीठ त्यात भरून वर मूठ आवळायची, की भोकातून पिठाची दोरी पडते. गावी परतताना हलवायानं दिलेलं फडकं त्यांनी बरोबर आणलं होतं. ते झिजलं तसं त्याच मापाचं दुसरं केलं, मग तिसरं. फडक्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. धुवायचे ते, वाळत घालायचे ते, घडी करून खिशात ठेवायचे तेही तेच.

पहिल्याच आठवड्यात मी अक्कल पाजळली. माहेरी उडीद वाटला की रात्रभर आंबायला ठेवायचा आणि सकाळी आंबोळ्या काढायच्या, एवढंच मला ठाऊक. मी म्हटलं, "मामंजी, पीठ रातभर ठेवलं तर हलकं नाय का व्हनार?"

ते म्हणाले, "आंबोळी खायाला तू म्हायेरी जा. हितं हवा हातानं भरायची."

आणि खरंच ते हातानं भरायचे. संध्याकाळी डाळ भिजत पडायची, पहाटे रगड्यावर वाटली जायची. पाणी अगदी शिंपडल्यासारखं, कारण पीठ सैल झालं की तुपात पाकळी पसरते. मग परातीत घेऊन एकाच दिशेनं तळहातानं फेटत राहायचे. भरपूर वेळ. पीठ पांढरंशुभ्र आणि फुगलेलं दिसायला लागलं की वाटीभर पाण्यात एक थेंब सोडायचे. थेंब बुडाला की पुन्हा फेटणं. तरंगला की मूठभर तांदळाचं पीठ, चिमूटभर केशरी रंग, आणि कामाला सुरुवात.

आता चुकीच्या वाट्याबद्दल सांगते. रोज लागेल तेवढी डाळ मापून घेतली, की मामंजी पितळी मापानं आणखी एक माप वेगळ्या पातेल्यात भिजवायचे. त्याला ते चुकीचा वाटा म्हणायचे. पीठ बिघडलं, तूप तापलं, काही झालं तर हाताशी असावा म्हणून. चूक झाली नाही, आणि ती बहुतेक व्हायचीच नाही, तर दुपारी ती डाळ वाटून संध्याकाळी वडे. चौकच्या नाक्यावर आमचे वडे प्रसिद्ध होते. ते चूक न झाल्याचे वडे होते हे गिऱ्हाइकांना काय माहीत.

मला ते पटायचं नाही. मी एकदा म्हटलं, "इतकी वर्सं हात बसलाय तुमचा. कशाला भिजवता?"

"हात बसलाय म्हनूनच," ते म्हणाले. "ज्याला वाटतं आपुन चुकनार नाय, त्यानं दुसऱ्याला खायाला घालू नये."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय हे सर्वांत आधी मला कळलं, कारण भांडी मी विसळायची आणि कपबशा कुठे आपटतायत हे मला दिसायचं. मग ते इमरतीत दिसायला लागलं. इमरती घालताना आधी एक वेटोळं काढायचं, त्यावरच दुसरं, आणि हात न थांबवता त्या वेटोळ्यावरून छोटे छोटे फास टाकत पूर्ण चक्कर मारायची. शेवटचा फास पहिल्याला भेटला पाहिजे. मामंजींचे फास आता वेटोळ्यावर बसेनात. एखादी पाकळी तुपात भलतीकडेच तरंगत जायची. ते म्हणायचे, भोक उसवलंय. भोक नव्यानं शिवलं. मग म्हणाले, कापड सैल आहे. कापड बदललं. तिसऱ्यांदा शिवण घालताना सुईत दोरा ओवायला त्यांनी मला हाक मारली, आणि मी ओवून दिला. दोघंही काही बोललो नाही.

बोलली ती चाची. चाची म्हणजे खालापूरच्या वाटेवर राहणाऱ्या एका कोकणी मुसलमान घरातली कर्ती बाई. त्यांचा भाताच्या गिरणीचा धंदा होता. तिच्या घरच्या प्रत्येक लग्नात आमच्याकडची इमरती गेलेली. ती मामंजींना भाऊ म्हणायची आणि भावाला बोलावं तसं बोलायची. धाकट्या लेकीचं लग्न थंडीत ठरलं म्हणून दिवाळीआधीच सांगायला आली. बाकड्यावर बसून एक इमरती खाल्ली, दुसरी उचलून उजेडात धरली.

"भाऊ," ती म्हणाली, "चव तीच हाय. पाकळ्या कुठं गेल्या?"

मामंजींनी फडकं खाली ठेवलं. "कापड नवीन हाय," ते म्हणाले.

"मंग जुनं शोधा," चाची म्हणाली. "लेकीच्या लग्नात मला इमरती पायजे. गोड भजी नको."

ती गेल्यावर मामंजी बराच वेळ तईतल्या तुपाकडे बघत बसले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. डॉक्टरकडे जायचं नाही, ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जायचं, आणि दोष कापडाचा. मी पुढे गेले आणि म्हटलं, "द्या हिकडं. मी घालते."

"तू?"

"मला येतं."

येत होतं, कारण मी चोरी केली होती. वर्षभर दुपारी चुकीच्या वाट्याचं पीठ वड्यांना लावण्याआधी मी टाकून दिलेल्या जुन्या फडक्यात भरून पालथ्या परातीवर इमरत्या घालत होते. घालायच्या, खरवडायच्या, पुन्हा फडक्यात भरायच्या. मामंजी दुपारी झोपायचे. सुरुवातीच्या माझ्या इमरत्या बघून म्हशीनं पाय दिल्यासारखं वाटायचं. हळूहळू बोटं वळायला लागली. हे सगळं मी त्या दिवशी सांगून टाकलं. मला वाटलं आता हॉटेलाचं छप्पर उडणार.

ते म्हणाले, "वड्यांत हवा जरा जास्तीच लागायची. मला वाटलं डाळ चांगली आलीय."

तरी फडकं लगेच दिलं नाही. चार दिवस फुगून होते. सून रस्त्याकडे तोंड करून भट्टीवर बसणार, येणारेजाणारे ट्रकवाले बघणार, हे त्यांच्या गळी उतरेना. गावातही कुजबूज झाली. लोकांनी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला इचारू नका, मी खेकडेवाला." शेवटी एका पहाटे मामंजींनी खिशातून फडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. अट एकच. घालायची मी, पण पीठ, तूप, पाक आणि फडक्याची धुणंघडी त्यांच्या ताब्यात. ते शेजारी बसणार.

त्या महिन्यांत मला कळलं की या माणसाला डोळे फारसे लागतच नव्हते. पीठ ते बोटांत घेऊन सांगायचे, अजून शंभर हात मार. तुपाचं ते कानानं ऐकायचे. पिठाचा कण टाकला आणि तो चर्र करून ओरडला तर तूप जास्त तापलंय, म्हणजे इमरती वरून लाल होणार आणि आतून कच्ची राहणार. तो तळाशी गप्प बसला तर तूप थंड आहे, इमरती तूप पिणार. सावकाश, बारीक बुडबुड्यांत कण वर आला की ते म्हणायचे, "घाल." मंद आचेवर दोन्ही बाजूंनी नीट तळली की पाकळ्यांची नळी आतून पोकळ आणि कडक होते, आणि मग त्या नळीत पाक शिरतो. पाक त्यांच्या बोटांवर. अंगठा आणि तर्जनी यांत थेंब धरून बोटं अलगद उघडायची, मध्ये एकच तार ओढली गेली पाहिजे. तारच आली नाही तर पाक पातळ, इमरती मऊ पडते. दोन तारा आल्या तर पाक आत शिरतच नाही, बाहेर साखर गोठते. पाक कोमट, इमरती गरम. जरा वेळ बुडवायची, उलटायची, झाऱ्यानं उचलून चाळणीवर निथळत ठेवायची.

आणि शेवटची परीक्षा. प्रत्येक टोपलीतली एक इमरती ते कानाशी नेऊन मोडायचे. कट्कन आवाज आला की टोपली पास. त्यांची ती मुद्रा बघून पुण्याकडे जाणारे प्रवासी हसायचे. मीही हसायची, पण मनातल्या मनात.

चाचीच्या घरचं लग्न आलं. दोनशे इमरत्या, दुपारच्या जेवणाला. मामंजींनी आदल्या संध्याकाळी दोन मापं डाळ भिजवली आणि तिसरं चुकीच्या वाट्याचं. नवऱ्यानं कारखान्यातून सुट्टी काढली होती, टोपल्या पोचवायला. उजाडता उजाडता पहिल्या मापाचं पीठ तयार झालं आणि मी बसले. त्या सकाळी माझा हात असा चालत होता की मलाच माझं कौतुक वाटत होतं. पाकळीला पाकळी भेटत होती. शंभरएक इमरत्या झाल्या. पळसाची पानं घातलेल्या मोठ्या टोपलीत मी त्या रचल्या आणि टोपली मागच्या फळीवर ठेवली. मामंजी दुसऱ्या मापाचं पीठ फेटायला आत गेले.

तेवढ्यात एक ट्रक आमच्या दारातच येऊन थांबला. थंडीचे दिवस, रस्त्याची कड उकरलेली, धूळ अशी उठली की पडवीत काही दिसेना. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. अन्न उघडं आहे. माझ्या आईनं आम्हाला दुसरं काही शिकवलं नसेल, पण उघडं अन्न ठेवू नये हे हाडीमासी भिनवलं होतं. धूळ बसते, माशी बसते, नजर लागते. माहेरी भाकरी तव्यावरून उतरली की टोपल्यात जाते आणि वर फडकं पडतं, मगच दुसरी थापायची. मी विचारसुद्धा केला नाही. धुतलेल्या धोतराचं फडकं दुहेरी करून टोपलीवर टाकलं, वर परात उपडी घातली, आणि ट्रकवाल्याच्या चहाकडे वळले. ट्रकच्या पाठोपाठ एसटी आली. गिऱ्हाइकं, चहा, भजी. परातीचा मला पार विसर पडला.

आठवण झाली तेव्हा तास तरी झाला असेल. परात उचलली तर आतून घामेजलेली, थेंब टपकत होते. फडकं ओलसर. वरच्या इमरत्यांच्या पाकळ्या शेजारणीच्या गळ्यात पडल्यासारख्या लवंडल्या होत्या. गरम इमरतीला मोकळं सोडायचं असतं, तिची वाफ तिलाच भिजवते. हे मला मामंजींनी कधी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नसेल. त्यांच्या टोपल्या कायम उघड्या असायच्या, वर फक्त माश्यांची जाळी. ती जाळी बाजूलाच खिळ्याला टांगलेली होती. मी रोज बघत होते.

मी परात पुसली. फडकं घडी करून लाकडांच्या मागे कोंबलं. का केलं हे विचारू नका. हात आधी लपवतो, डोकं मागून येतं.

मामंजी आतून आले, हात धुतले, आणि रिवाजाप्रमाणे टोपलीतली एक इमरती उचलून कानाशी नेली. मोडली. आवाज आला नाही. त्यांनी दुसरी उचलली. ती मोडलीच नाही, नुसती वाकली. तिसरी त्यांनी मधून, खालच्या थरातून काढली. तीही तशीच.

"पाक कच्चा राह्यला," ते म्हणाले.

मी भट्टीत लाकूड सारलं.

त्यांनी उरलेल्या पाकात बोट बुडवलं, अंगठ्याला लावलं, उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. "तार तर येती," ते स्वतःशीच म्हणाले. "एकच येती. का मला तसं वाटतंय?" मग त्यांनी बोटं धोतराला पुसली. असं ते कधी करायचे नाहीत, पाकाची बोटं पाण्यानंच धुवायची हाही त्यांचा कायदा. ते बाहेर जाऊन बाकड्यावर बसले. गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर.

नवऱ्याला त्यांनी जवळ बोलावलं. "सायकल काढ. चाचीला सांग, इमरती व्हनार नाय. खोपोलीवरनं जिलबी मागवा म्हनावं, वेळ हाय अजून. आनि सांग, भाऊचं डोळं गेलं व्हतं, आता बोटं बी गेली. या म्होरं आमच्याकडं सांगू नका."

"बाबा, एका टोपलीनं काय व्हतंय—"

"जा रं. वेळ घालवू नको."

नवरा सायकल काढायला मागे गेला. चाकात हवा कमी होती. तो पंप शोधू लागला, आणि तेवढा वेळ मला मिळाला.

तो वेळ मी कसा काढला ते सांगायला आजही लाज वाटते, पण सांगते. मी हिशोब करत होते. बोलले तर फडकं गेलं. वर्षभराची चोरी, चार दिवसांचा रुसवा, गावाची कुजबूज, सगळं पाण्यात. मामंजी म्हणणार, म्हणूनच सुनेला बसवत नव्हतो. नाही बोलले तर कुणाला कधीच कळणार नाही. म्हातारा माणूस, डोळे गेलेलेच आहेत, आज ना उद्या थांबणारच. असंही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. आणि समोर ते बाकड्यावर बसून अंगठा तर्जनीला लावत होते आणि उघडत होते. त्यांच्या बोटांत पाक नव्हता. नुसतीच बोटं. लावत होते, उघडत होते.

मला ते बघवेना. पंपाचा फसफस आवाज थांबला तशी मी बाहेर गेले.

"मामंजी, पाक बरोबर व्हता. मी झाकल्या."

"काय?"

"इमरत्या. धूळ उडाली म्हनून फडकं टाकलं, वर परात घातली. गरम व्हत्या. इसरले काढायला."

त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "फडकं कुठाय?"

मी लाकडांमागून आणून दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेऊन चाचपलं, चेहऱ्याला लावलं, वास घेतला. ओल अजून होती.

"घाम फुटला व्हता त्येंना," ते म्हणाले.

"व्हय."

"परात बी ओली व्हती?"

"आतनं टपटप गळत व्हती."

मी शिव्यांची वाट बघत उभी होते. मामंजींना शिव्या चांगल्या यायच्या. ते उठले, माझ्या अगदी समोर आले आणि हळू आवाजात, लहान मुलानं विचारावं तसं विचारलं, "म्हंजी बोटं शाबूत हायत माजी?"

"शाबूत हायत," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

"मंग रडती कशाला? तूप ठेव." सायकल घेऊन निघालेल्या नवऱ्याला त्यांनी ओरडून थांबवलं. "रं, सायकल ठेव आनि रगड्यावर बस. चुकीचा वाटा वाटायला घे. पानी कमी घाल, नायतर तुजं खेकडं पोवायला लागतील!"

दुसऱ्या मापाचं पीठ तयारच होतं. मी घालत गेले, मामंजी पाक सांभाळत गेले, आणि मागे नवरा घामाघूम होऊन डाळ वाटत होता. मी बसल्यापासून इमरत्या एकदाच मोजल्या, शेवटी. चुकीच्या वाट्यानं शंभराचा खड्डा बरोबर भरला. टोपल्या उघड्या ठेवल्या, वर जाळी. धूळ उडाली की मामंजी स्वतः टोपलीसमोर धोतराचा सोगा धरून उभे राहायचे. निघायच्या आधी दोन्ही टोपल्यांतली एकेक इमरती त्यांनी कानाशी मोडली. कट्. मलासुद्धा भट्टीपाशी ऐकू आलं. मऊ पडलेली टोपली आम्ही शेजारच्या गॅरेजात दिली. तिथली पोरं बोटं चाटत म्हणाली, आजची फार भारी आहे, दातांना त्रास नाही.

चाचीनं संध्याकाळी माझ्या नवऱ्याबरोबर रिकाम्या टोपल्या परत पाठवल्या, त्यात नारळ आणि निरोप. निरोप एवढाच की पाकळ्या सापडल्या.

त्या संध्याकाळी वडे नव्हते. नेहमीची गिऱ्हाइकं चुकचुकत परत गेली. मी आल्यापासून हॉटेलात वडे नाहीत असं पहिल्यांदाच झालं, आणि त्याचा अर्थ कळणारी आम्ही तीनच माणसं होतो. मी ओट्यावर दुसऱ्या दिवसाची डाळ निवडत होते. मामंजी इमरतीचं फडकं घेऊन आले. धुतलेलं, पिळलेलं, चौकोनी घडी केलेलं. मला वाटलं, खिशात ठेवतील. दिवसभर मी याचीच वाट बघत होते.

ते त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

"हे तू धुवत जा आता," ते म्हणाले. "आनि उद्यापासनं चुकीचे दोन वाटे भिजव. एक माजा, एक तुजा."

ते बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. मी पितळी मापानं डाळ काढली. एक पातेलं, दुसरं पातेलं, शेजारी शेजारी. पाणी घातलं. सवयीनं झाकायला ताटली उचलली आणि हात हवेतच थांबला. ठेवू की नको?

ताटलीचा आवाज आला नाही तसे मामंजी बाहेरून म्हणाले, "झाक गं. डाळीला झाकलेलं चालतं."